बिनचुन्याची भिंत

१७१४ च्या सुरुवातीला लोणावळ्याजवळच्या वलवणला दोन माणसांची भेट झाली. एक होते नुकतेच पेशवे झालेले बाळाजी विश्वनाथ, आणि दुसरे कान्होजी आंग्रे. कान्होजींनी लोहगड घेतला होता, आधीच्या पेशव्यांना कैद केलं होतं आणि साताऱ्यावर चालून जाण्याचा त्यांचा बेत होता. बोलणी झाली, कान्होजी शाहू महाराजांच्या बाजूला आले आणि बदल्यात कोकणकिनाऱ्यावरच्या त्यांच्या किल्ल्यांना मान्यता मिळाली. त्यात अलिबागसमोरचा कुलाबाही होता.

इतिहासाची पुस्तकं या तहातली राजकारणाची बाजू सांगतात. आपल्याला इथे दुसरीच गोष्ट बघायची आहे. लोहगड आणि कुलाबा एकाच दगडावर उभे आहेत. सह्याद्रीचा माथा असो की अलिबागचा खडकाळ किनारा, खाली तोच काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, त्यातून तो तयार झाला. या कातळाशी मावळातल्या कारागिराची ओळख फार जुनी. कार्ल्याची आणि भाज्याची लेणी त्यातच कोरली आहेत. कुठला थर टणक, कुठला ठिसूळ, चीर कुठून जाते, पाचर कुठे मारायची, हे त्याला ठाऊक होतं. समुद्रात गेल्यावर दगड तोच राहिला, पण पाण्याचं वागणं बदललं. लोहगडावर पाऊस वरून पडतो आणि वाहून जातो. कुलाब्यावर पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं आणि पावसाळ्यात आडवं येऊन आदळतं.

मग पाया घातला कसा? याचं उत्तर थोडं निराशाजनक वाटेल. बहुतेक ठिकाणी पाया घातलाच नाही, निवडला. समुद्रात खणून पाया घेणं सतराव्या शतकात कुणालाच परवडणारं नव्हतं. म्हणून आधीच तयार असलेला खडक शोधायचा, ही पहिली आणि सर्वांत मोठी अभियांत्रिकी. लाटांनी हजारो वर्षं किनारा तासला की भरती-ओहोटीच्या पातळीला खडकाचा एक सपाट ओटा उरतो. ठिसूळ ते सगळं लाटांनी आधीच नेलेलं असतं, म्हणजे खडकाची परीक्षा समुद्रानेच घेतलेली असते. कुलाबा अशा ओट्यावर आहे. तट कडेला न नेता जरा आत घेतला की पुढे पसरलेला उथळ खडक लाटेला आधीच फोडतो आणि तटापर्यंत येतो तो तिचा मोडलेला भाग. तटाच्या पुढचा तो उघडा, ओबडधोबड पट्टा पर्यटकाला निरुपयोगी वाटतो. किल्ल्याचं पहिलं संरक्षण मात्र तेच आहे.

तरी काही काम खडकावर करावंच लागे. कालवं आणि शेवाळ खरवडून काढायचं, सुटे झालेले पापुद्रे पहारीने उचकटायचे आणि उताराच्या जागी टाकीने पायऱ्या तासायच्या. या पायऱ्यांचं कारण साधं आहे. भिंतीचा पहिला थर उतारावर ठेवला तर वरचं सगळं वजन त्याला खाली घसरवत राहतं. तोच थर सपाट खाचेत बसवला तर ते वजन त्याला जागेवर दाबून धरतं. खाचेची बाहेरची कड दोन-चार बोटं उंच राहिली, तर दगड समुद्राकडे सरकायलाही अडतो.

हे काम दिवसभर करता येत नव्हतं. ओहोटी दिवसाला साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते आणि खालचा खडक खऱ्या अर्थाने उघडा पडतो तो अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत. उधाणाला पाणी जितकं जास्त चढतं तितकंच जास्त उतरतंही. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही, म्हणून सर्वांत खालचा थर तेव्हा पाण्यातच असतो. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती दुपारी बाराच्या आणि मध्यरात्रीच्या आसपास येते. म्हणजे खोल ओहोटी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पायाच्या थरासाठी मिळायचे ते पहाटेचे आणि तिन्हीसांजेचे काही तास, तेही महिन्यातल्या मोजक्याच दिवशी. त्यात जूनपासून चार महिने समुद्र बंद. सिंधुदुर्गाचा मुहूर्त २५ नोव्हेंबर १६६४ चा आहे. पंचांगाचं काय असेल ते असो, त्या तारखेला पावसाळी लाटा ओसरलेल्या असतात आणि कामाला सहा-साडेसहा महिने समोर असतात.

आता त्या ओहोटीच्या तीन तासांत काय करायचं, हा प्रश्न. इथे चुन्याची अडचण येते. आपल्याकडे चुना कळीचा असो की शिंपल्यांचा, साधा भाजलेला चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून, आणि ते काम महिनोन् महिने चालतं. पाण्याखाली हवा नाही, म्हणून तो घट्ट होत नाही. उलट ओला राहतो, विरघळतो आणि दर भरतीला थोडा थोडा वाहून जातो. विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळली तर तो ओलाव्यातही काही प्रमाणात आवळतो. पण तरीही पहिल्या काही तासांत लाटेचा मारा सोसण्याइतका नाही. शिवाय चुना विरवायला गोडं पाणी लागतं, मळायला जागा लागते, मुरवायला वेळ लागतो. बेटावर या तिन्हींची टंचाई. १६७९ मध्ये खांदेरीवर बांधकाम सुरू झालं तेव्हा तर इंग्रजांची गलबतं बेटाला वेढा घालून होती आणि थळच्या किनाऱ्यावरून रसद चोरून न्यावी लागत होती. अशा वेळी घाण्याचा चुना मुरेपर्यंत थांबायला कुणाला सवड होती?

कुलाब्याचं काम १६८० मध्ये शिवाजी महाराजांच्या शेवटच्या दिवसांत सुरू झालं आणि संभाजी महाराजांच्या काळात पुढे गेलं. तिथे या अडचणीचं उत्तर स्पष्ट दिसतं. तटाचे मोठमोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर रचले आहेत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, चुना झिजून गेला असेल. तसं नाही. तो घातलाच नव्हता. आणि माझ्या मते हा केवळ नाइलाज नव्हता. लाटेच्या माऱ्याखाली सच्छिद्र भिंत घट्ट भिंतीपेक्षा जास्त टिकते, म्हणून ही निवड बरोबर होती. कशी, ते जरा सावकाश बघू.

मावळातल्या भातखाचरांच्या ताली पाहिल्या असतील. डोंगरउतारावर माती धरून ठेवणारे ते दगडी बांध बिनचुन्याचे असतात. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी नीट घातलेली ताल उभी राहते, कारण मागचं पाणी फटींतून झिरपून जातं. तीच ताल सिमेंटने लिंपली तर पाणी मागे साचतं, त्याचा दाब वाढतो आणि एका रात्री सगळा बांध पुढे कोसळतो. भिंतीला पाणी पाडत नाही, कोंडलेलं पाणी पाडतं.

समुद्रात हेच घडतं, फक्त काही सेकंदांत. लाट आदळली की पाणी फटींमध्ये जोराने शिरतं. लाट मागे गेली की बाहेरचा दाब एकदम उतरतो, पण आत शिरलेलं पाणी तितक्या झटकन बाहेर येऊ शकत नाही. त्या क्षणी दगडामागे दाब असतो आणि पुढे काहीच नसतं. भिंतीतले दगड बहुतेक वेळा लाटेच्या धडकेने आत जात नाहीत. ते लाट परतताना बाहेर निघतात. फटी मोकळ्या असतील तर आतलं पाणीही लाटेबरोबर बाहेर येतं आणि दाबाचा फरक फार वाढत नाही. वरून चुन्याने किंवा सिमेंटने दरजा भरल्या आणि कुठेतरी एकच चीर राहिली, तर तिच्यातून पाणी आत जातं, मात्र परत यायला वाट नसते.

आकड्यांत मांडून बघू. दीड मीटर लांब, ऐंशी सेंटीमीटर रुंद आणि साठ सेंटीमीटर जाड असा बेसाल्टचा एक दगड घ्या. त्याचं वजन साधारण दोन टन. बुडाला की पाणी त्याला उचलून धरतं, म्हणून तिथे तो सव्वा टनाचाच उरतो. आता लाट परतताना आतल्या पाण्याची पातळी बाहेरच्यापेक्षा दोन मीटरने जास्त राहिली असं समजू. दोन मीटर पाण्याचा दाब म्हणजे चौरस मीटरला दोन टन. दगड भिंतीत आडवा, म्हणजे लांब बाजू समुद्राकडे करून बसवला असेल, तर त्याच्या पाठीचं क्षेत्रफळ नव्वद शतांश चौरस मीटर होतं आणि त्याला बाहेर ढकलणारा जोर पावणेदोन टनांच्या वर जातो. तोच दगड लांबी आत घेऊन, तोकडं तोंड समुद्राकडे करून बसवला, तर पाठ अर्ध्या चौरस मीटरची राहते आणि जोर एक टनाच्या आत येतो. जवळजवळ निम्मा. वर, आत शिरलेली लांबी मागच्या भरावात पकड घेते. वाटेल तसा ठेवलेला दगड आणि विचार करून ठेवलेला दगड यांत हा फरक आहे, आणि तो फुकट मिळतो.

एकटा दगड तरीही घसरेल. त्याला धरून ठेवतं ते वरच्या थरांचं वजन. वर चार-पाच मीटर भिंत उभी राहिली की खालच्या दगडावर आणखी दहा-बारा टन येतात, आणि मग घर्षणच त्याला हलू देत नाही. म्हणून चुन्याशिवायच्या तटाला सर्वांत मोठा धोका तो अर्धवट असतानाच असतो. पावसाळ्याआधी दोनच थर झाले असतील तर ते वाहून जाण्याची भीती मोठी. तेवढ्याच माणसांनी थोड्या लांबीत पूर्ण उंचीची भिंत उभी केली असेल, तर ती टिकण्याची शक्यता बरीच जास्त. सगळीकडे थोडं थोडं करण्यापेक्षा एक तुकडा पुरा करणं शहाणपणाचं, असं हे गणित सांगतं.

दगड मोठेच का, याचं उत्तरही लाटेतच आहे. लाटेची उंची दुप्पट झाली तर तिला टिकून राहायला दगड दुप्पट वजनाचा चालत नाही. आठपट वजनाचा लागतो. आजचे बंदर-अभियंते लाटरोधक बांधांचे दगड ठरवताना हाच नियम वापरतात. सतराव्या शतकात सूत्र नव्हतं, पण दर पावसाळ्यानंतर किनाऱ्यावर कुठले दगड जागेवर राहिले आणि कुठले सरकले हे कोळ्यांना आणि पाथरवटांना दिसत होतंच. एवढे जड दगड न्यायला समुद्रच मदत करतो. भरतीला होडी किंवा तराफा खडकाजवळ आणायचा, पाणी उतरलं की तो खडकावर टेकतो आणि दगड पहारींनी सरकवून उतरवता येतो. शक्य असेल तेव्हा बेटावरचाच खडक फोडायचा. त्यातून दगडही मिळतो आणि टाक्याची जागाही तयार होते.

मोठे दगड पुढे, मग त्यामागे काय? इथे चूक सोपी आहे. पाठीमागे बारीक चिपा आणि माती भरली तर ती मोठ्या दगडांच्या फटींतून दर लाटेला थोडी थोडी गळते. बाहेरून वर्षानुवर्षं काही कळत नाही, आत मात्र पोकळी वाढत जाते. म्हणून भराव पायरीपायरीने बारीक व्हायला हवा. बाहेर मोठे, त्यामागे त्यांच्या फटीतून न निसटणारे मध्यम, त्यामागे लहान. हा क्रम चुकला की तीन खुणा दिसतात. तटावरून चालताना मागची जमीन एखाद्या ठिकाणी खचलेली असते. भिंतीला बाहेरून पोट येतं. आणि तटाच्या पायाशी, लाटेने घासून गुळगुळीत झालेल्या जुन्या धोंड्यांमध्ये, धारदार कडांच्या ताज्या चिपा पडलेल्या दिसतात. भिंतीला पोट आलं म्हणजे अजून वेळ आहे. पोट आलेल्या जागी मधला एखादा दगड निसटला असेल, तर फारसा वेळ नाही.

आता शिशाची गोष्ट, कारण ती विचारल्याशिवाय कुणी राहत नाही. सिंधुदुर्गाच्या पायात पाच खंडी शिसं ओतलं, असं बखरीतून आणि लोकांच्या तोंडून चालत आलं आहे. शिसं वापरलं असेल यात अशक्य काही नाही. ते सुमारे ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, म्हणजे लाकडाच्या भट्टीवरही. लोखंडासारखं गंजून फुगत नाही. मऊ असल्यामुळे दगड थोडा हलला तरी तडकत नाही, दबतं. खाचेत लोखंडी खुंटी बसवून भोवती शिसं ओतलं तर ती खुंटी जन्माची पक्की होते आणि समुद्राच्या पाण्यापासून लोखंडालाही आसरा मिळतो. धोका एकच, पण मोठा. खाचेत थोडं जरी पाणी राहिलं तर वितळलेलं शिसं पडताक्षणी त्याची वाफ होते आणि शिसं माणसाच्या तोंडावर उडतं. म्हणून आधी खाच जाळ करून कोरडी करावी लागते. तीन तासांच्या ओहोटीत हे किती खाचांना जमेल?

परिमाणाचा हिशेबही करून बघण्यासारखा आहे. खंडीचं वजन प्रांतागणिक वेगळं होतं. मोठी खंडी धरली तरी पाच खंडी म्हणजे चार टनांच्या आसपासच. शिसं पाण्याच्या सव्वाअकरा पट जड असतं, म्हणजे चार टनांचा आकार एका घनमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा. सिंधुदुर्गाचा तट सुमारे तीन किलोमीटर लांब आहे आणि रुंदी साडेतीन मीटरच्या आसपास. तेवढ्या पायावर हे शिसं सारखं पसरलं तर थर कागदापेक्षाही पातळ होईल. म्हणजे तट शिशावर उभा आहे, ही समजूत खरी असू शकत नाही. आकडा खरा असेल तर शिसं मोजक्या जागी, दरवाज्यापाशी, लाट थेट आदळते अशा कोपऱ्यांत, खुंट्यांभोवती गेलं असणार. बाकीचा तट खडकाच्या खाचांनी आणि दगडांच्या वजनानेच धरला आहे. यात सिंधुदुर्ग लहान होत नाही. कारागिरांनी महाग वस्तू जिथे लागते तिथेच वापरली, एवढंच यातून दिसतं.

चुना कुणी वापरलाच नाही असंही नाही. मुरुडसमोर जंजिऱ्याच्या उरावर शिवाजी महाराजांनी पद्मदुर्ग उभारला, तिथे भरपूर चुना आहे आणि तिथे उलटाच प्रकार पाहायला मिळतो. काही भागांत दगड खारं पाणी आणि वारा खाऊन आत खोल झिजले आहेत, आणि दगडांमधला चुना मात्र मधाच्या पोळ्याच्या भिंतींसारखा पुढे उभा आहे. चुना दगडापेक्षा चिवट निघाला. याची दोन कारणं संभवतात. हा भाग लाटेच्या रोजच्या पातळीच्या वर असल्याने चुन्याला मुरायला हवा आणि वेळ मिळाला. आणि दगड सच्छिद्र असेल तर खारं पाणी त्यात शिरतं, सुकतं, मिठाचे स्फटिक आतल्या आत वाढतात आणि दगडाचा एक-एक कण उखडतात. म्हणजे एकाच किनाऱ्यावर खाली बिनचुन्याची रचाई आणि वर चुन्याची, हा धरसोडपणा नाही. रोज बुडणारी भिंत आणि फक्त तुषार झेलणारी भिंत, यांच्या गरजाच वेगळ्या आहेत.

इंग्लंडमध्ये जॉन स्मीटनने १७५६ ते १७५९ या काळात एडिस्टनच्या खडकावर दीपगृह बांधलं, तेव्हा त्याच्यासमोर हेच प्रश्न होते. त्याने खडकात पायऱ्या तासल्या, दगडांना सुताराच्या कबुतरशेपटी जोडासारखे दात कोरून ते एकमेकांत आणि खडकात अडकवले, आणि पाण्यातही घट्ट होणारा चुना शोधून काढला. त्याचं दीपगृह शंभराहून जास्त वर्षं टिकलं. शेवटी हलवावं लागलं, ते त्याच्या दगडांमुळे नाही. त्याच्या खालचा खडकच लाटांनी पोखरला होता. समुद्रातल्या बांधकामाचं मरण बऱ्याचदा असं पायाच्याही खालून येतं. आपल्या किल्ल्यांकडे पाहतानाही तटाच्या दगडांपेक्षा तटाखालच्या खडकाच्या कडेवर आधी नजर टाकायला हवी. तिथे आत गेलेली कपार वाढत असेल तर वरची कितीही डागडुजी निरर्थक आहे.

डागडुजीचं बोलायचं तर जुन्या बिनचुन्याच्या तटाच्या फटी सिमेंटने भरणं हा सर्वांत वाईट उपाय. काम नीटनेटकं दिसतं, फोटो चांगला येतो, आणि आतलं पाणी कोंडायला सुरुवात होते. निसटलेला दगड शोधून, तेवढ्याच मापाचा दगड तोकडं तोंड बाहेर करून परत बसवणं, मागचा भराव मोठ्याकडून लहानाकडे नीट करणं, हे काम कंटाळवाणं आणि खर्चिक आहे. पण टिकतं तेच.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यात मावळातला लोहगड आहे आणि समुद्रातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग आणि किनाऱ्यावरचा विजयदुर्गही आहेत. कुलाबा त्या यादीत नाही, पण समुद्रातली रचाई पायाखाली, अगदी हात लावून बघायची असेल तर त्याच्याइतका सोयीचा किल्ला दुसरा नाही, कारण ओहोटीला तिथे अलिबागच्या किनाऱ्यावरून चालत जाता येतं. पावसाळा सोडून, अमावास्या किंवा पौर्णिमेच्या एक-दोन दिवस पुढेमागे जा. स्थानिक कोळ्यांना किंवा भरती-ओहोटीच्या तक्त्याला विचारून ओहोटी तळाला लागण्याच्या तासभर आधी निघा. दरवाज्यातून आत शिरण्याआधी तटाच्या बाहेरून थोडं चाला, खालच्या दोन थरांच्या फटींत पाहा, पोट आलंय का ते बघा. आणि पाणी परत फिरलं की लगेच किनाऱ्याकडे निघा. तिथली भरती भराभर चढते, आणि दरवर्षी माणसं अडकतात.